आठवी बाई दिवसाला 1950 रुपयांचा जादा गर काढते, तरी मामा तिला कामावर का घेत नाही?

सत्तरीकर
नमस्कार मंडळी. वाळपईच्या बाजूला माझ्या मामाचं लहानसं काजूचं युनिट आहे. बी वाफेवर शिजवायची, पायाने चालवायच्या मशीनवर फोडायची, ड्रायरला लावायची, मग साल काढायची आणि ग्रेडिंग, हे सगळं सात बायका मिळून करतात. मी टीवाय बीकॉमला आहे आणि हल्ली मामाचे हिशेब मीच बघतो, म्हणून मामा म्हणतो शिकतोस ते जरा इथे वापरून दाखव.
तर आमच्या पुस्तकात आहे की शेवटच्या कामगारामुळे जेवढं उत्पन्न वाढतं ते त्याच्या मजुरीपेक्षा जास्त असेल तोवर मालक माणसं घेत जातो. मी वहीतून काढलं तेव्हा दिवसाचा गर साधारण असा पडतो:

4 बायका: 22 किलो
5 बायका: 29 किलो
6 बायका: 36 किलो
7 बायका: 41 किलो
8 बायका: 44 किलो

गर सगळ्या ग्रेडचा मिळून सरासरी 650 रुपये किलोने जातो, घाऊक. एका बाईमागे मजुरी, पीएफ, चहापाणी धरून 500 रुपये रोज पडतात. आठवी बाई 3 किलो वाढवते म्हणजे 1950 रुपये आले आणि गेले फक्त 500. गावातली एक काकी काम दे म्हणून दोनदा येऊन गेली आणि मामा म्हणतो परवडत नाही. मामा चुकतोय की पुस्तक? मामाला विचारलं तर म्हणतो तुझं पुस्तक काजू खात नाही.

म्हापसा_मार्केट
मामा बरोबर. धंदा करणाऱ्याला पुस्तक लागत नाही.

डिचोलीचो_बाब
तू सरासरी काढून बघितलंस काय? 44 ला 8 ने भाग, साडेपाच किलो माणशी येतात. साडेपाच गुणिले 650 म्हणजे साडेतीन हजाराच्या वर एका बाईमागे. 500 देऊन साडेतीन हजार मिळतात आणि मामा परवडत नाही म्हणतो, म्हणजे मामा कंजूष, दुसरं काय.

फोंडेकर_कॉस्टिंग
सत्तरीकर, वहीतून आकडे काढून आणलेस हे बरं केलंस, नाहीतर या विषयावर लोक नुसते हवेत बोलतात. पण 1950 मध्ये एक मोठी गोष्ट राहिली आहे. ते 3 किलो गर काकीने हवेतून काढले नाहीत, त्यासाठी बी फोडावी लागली. तुमच्याकडे एक किलो गराला बी किती लागते आणि बी काय भावाने घेतली ते सांग, मग बोलू.

सत्तरीकर
साधारण चार किलो बीला एक किलो गर. ओली, किडकी, पोकळ निघाली तर अजून जास्त लागते पण चार धरा. बी सरासरी 130 ने घेतलेली. लाकूडफाटा, वीज, पॅकिंग मिळून किलोमागे 20 रुपये, त्यातून टरफल विकून येतात ते वजा केलेले आहेत.

फोंडेकर_कॉस्टिंग
मग बघ. एक किलो गर म्हणजे बीचे 520 आणि वरचे 20, असे 540 रुपये आधीच बाहेर गेले. 650 ला विकलास तर किलोमागे 110 राहतात. मजुरी द्यायला, मशीनचा हप्ता द्यायला, मामाच्या घरखर्चाला, सगळ्याला मिळून हे 110. काकीने 3 किलो वाढवले म्हणजे मामाच्या हातात 330 आले, 1950 नाही. आणि तिला द्यायचे 500. दिवसाला 170 चा खड्डा.
आता हेच सातव्या बाईला लाव. ती 36 चे 41 करते, 5 किलो, म्हणजे 550 रुपये. 500 ला परवडते, पण जेमतेम. मामा सातवर थांबला ते यासाठी. त्याने कागदावर मांडलं नसेल, पण तो 110 मध्ये विचार करतो आणि तू 650 मध्ये करत होतास.
पुस्तक चुकीचं नाही. पुस्तकातल्या उदाहरणात बहुतेक वेळा कच्चा माल धरलेलाच नसतो, जणू माणूस वाढवला की नुसत्या माणसामुळे माल वाढतो. जिथे माणसाबरोबर कच्चा मालही वाढतो तिथे आधी तो वजा करायचा आणि उरलं ते मजुरीशी ताडून बघायचं. काजूसारख्या धंद्यात, जिथे विक्रीतले ऐंशी टक्के बीतच जातात, तिथे हे विसरलं की उत्तर थोडं इकडे तिकडे होत नाही, पार उलटं होतं.

डिचोलीचो_बाब
ठीक आहे, मग माझं सरासरीचं गणित 110 ने करू. साडेपाच गुणिले 110 म्हणजे 605. तरी 500 पेक्षा जास्तच. आठ बायका ठेवल्या तरी प्रत्येकीमागे 105 सुटतात. तोटा कुठे आहे?

फोंडेकर_कॉस्टिंग
बाब, 605 बरोबर आहे आणि आठ जणी ठेवून मामा बुडणार नाही हेही बरोबर. पण प्रश्न तो नाही. सहा जणी असताना दिवसाला किती उरतात बघा: 36 गुणिले 110 म्हणजे 3960, त्यातून 3000 गेले, उरले 960. सात जणी: 4510 उणे 3500, 1010. आठ जणी: 4840 उणे 4000, 840. आठवी आली आणि मामाचे 170 कमी झाले. सरासरीत आठवीचा तोटा पहिल्या सात जणींच्या कमाईखाली झाकून जातो, म्हणून तो दिसत नाही. धंदा चालू ठेवायचा की नाही हे सरासरीवरून कळतं, पण अजून एक माणूस घ्यायचा की नाही ते कळत नाही.

पेडणेची_पोर
मला एक कळलं नाही, आठवी बाई कामात कमी आहे का? सातवी 5 किलो करते आणि आठवी 3, म्हणजे ती काकी म्हातारी बितारी आहे का?

सत्तरीकर
नाही नाही, काकी चांगली चपळ आहे. आमच्याकडे कटिंग मशीन चारच आहेत आणि ड्रायर एक, तो भरला की भरला. आठवी आली की तिला मशीन नाही, मग ती बी आणून देणार, साल काढायला बसणार, आणि ड्रायरमधून माल बाहेर येईपर्यंत कधीकधी सगळ्या जणी नुसत्या बसलेल्या असतात. मागच्या वर्षी चतुर्थीच्या आधी ऑर्डर होती तेव्हा काही दिवस आठ होत्या, 44 किलोचा आकडा तिथूनच आलाय.

फोंडेकर_कॉस्टिंग
अगदी. पेडणेकर ताई, आठवी म्हणजे अमुक एक बाई असं नाही. उद्या काकीला मशीनवर बसवलं आणि जुनीतली एक साल काढायला बसली तरी एकूण 44 च होणार. कमी पडतंय ते मशीन आणि ड्रायर, माणूस नाही. मामाने अजून एक ड्रायर घेतला तर हीच आठवी कदाचित 6 किलो वाढवेल आणि मग 660 ची होईल. त्यामुळे एका बाईची किंमत मामाला किती, ते तिच्या हातावर जितकं आहे तितकंच तिच्या शेजारी काय उभं आहे त्यावर आहे.

कामगार_मित्र_वास्को
इथे सगळे मालकाच्या बाजूने गणितं मांडतायत. 500 मध्ये पीएफ, चहा धरून म्हणजे हातात किती पडतात? किमान वेतन मिळतं का त्या बायकांना? आधी ते सांगा मग थिअरी सांगा. पाचवी आणि सहावी 7-7 किलो वाढवते म्हणजे 770 रुपये आणि देता 500, हे 270 कोणाचे?

सत्तरीकर
दादा, वेतन नियमानेच आहे, रजिस्टर आहे, इन्स्पेक्टर येऊन गेलाय. माझा प्रश्न तो नव्हता.

फोंडेकर_कॉस्टिंग
कामगारमित्र, प्रश्न रास्त आहे पण वेगळा आहे. हे गणित किती माणसं घ्यायची ते सांगतं, कोणाला किती मिळायला हवं ते सांगत नाही. या 270 मधून मशीनचा हप्ता, जागा, मामाची स्वतःची राबणूक आणि नफा निघतो. मजुरी शेवटच्या माणसाच्या उत्पन्नाइतकी झाली म्हणजे तो न्याय झाला, असं म्हणणारे अर्थशास्त्री होऊन गेले आणि त्यांना खोडून काढणारेही झाले. त्यात मी पडत नाही.

ट्रकवाला_उसगाव
मी काजूतला नाही पण हे शेवटच्या माणसाचं वाचून आमचं आठवलं. माझे तीन ट्रक होते खाणीवर. 2012 ला खाण बंद झाली, तीन ड्रायव्हर होते तिघेही गेले. ड्रायव्हर तेच, रस्ता तोच, खेपा मारायची तयारी तीच, पण बंदीत त्यांच्या खेपेला किंमत शून्य. मग कोर्टाचा निकाल लागून पुन्हा चालू झालं तेव्हा बाहेर मालाचा भाव पडलेला, भाड्याचा दर मिळेना, एकच ट्रक चालवला. परत 2018 च्या मार्चात बंद. माझा एक ड्रायव्हर आता गॅसच्या गाडीवर आहे, त्याला तिथे बरे पैसे मिळतात, आणि माणूस तोच हो. माणसाची हुशारी वगैरे काही नाही, माल विकला तर माणूस विकला.

फोंडेकर_कॉस्टिंग
यापेक्षा चांगलं उदाहरण मला देता आलं नसतं. चांगल्या ग्रेडच्या खनिजाचा भाव 2011 च्या सुरुवातीला टनाला 180 डॉलरच्या वर होता आणि 2015 च्या डिसेंबरात 40 च्या खाली उतरला. ट्रकने नेलेले टन तेवढेच राहिले तरी एका खेपेचं मोल बदललं, आणि बंदीत तर विकायलाच काही नव्हतं. माणसाची मागणी ही त्याने केलेल्या मालाच्या मागणीच्या मागून येते.
काजूत हे अजून टोकाचं आहे. सत्तरीकर, एक काम कर, बी 130 ऐवजी 140 धर आणि बाकी काही बदलू नकोस. एक किलो गराला बीचे 560, वरचे 20, म्हणजे 580, आणि उरतात 70. आता पाचवी आणि सहावी, जी 7 किलो वाढवते, ती 490 ची झाली. 500 मजुरीला ती पण परवडत नाही. सातवी 350. बी दहा रुपयांनी महाग झाली, म्हणजे आठ टक्के पण नाही, आणि सातऐवजी मामाला चारच बायका ठेवाव्यात असं गणित सांगतं. त्यातही दिवसाकाठी हाती काही राहत नाही, कारण 22 गुणिले 70 म्हणजे 1540 आणि चार जणींचे 2000. म्हणजे बंदच ठेवावं असं. केरळात कोल्लमला काजूचे एवढे कारखाने बंद पडले त्याला कारणं बरीच आहेत, मजुरी आहे, व्हिएतनामच्या मशीनवर निघालेल्या गराशी स्पर्धा आहे, पण किलोमागे उरणारा हा पातळ थर मुळात आहेच.

डिचोलीचो_बाब
म्हणूनच तर सरकारने काजूबीला आधारभूत किंमत देऊ नये. शेतकऱ्याला भाव वाढवून दिला की कारखाना मरतो.

म्हापसा_मार्केट
बाब, असं नाही हो. आधारभूत किंमत आणि बाजारभावात जो फरक पडतो तो सरकार शेतकऱ्याला देतं. कारखानदार बाजारभावानेच घेतो. तुम्ही वर्तमानपत्राची हेडलाईन वाचून आलात.

डिचोलीचो_बाब
पण फरक मिळणार म्हटल्यावर शेतकरी बी घरात थांबवून ठेवत नाही का? आणि बाजारभाव त्याने हलतोच ना थोडा.

म्हापसा_मार्केट
पैसे मिळणार म्हटल्यावर लवकर विकेल, थांबवेल कशाला? आणि भावाचं म्हणाल तर आमच्याकडे आफ्रिकेची बी आली की सगळ्यांचा भाव तिच्यावर ठरतो, गोव्याच्या उत्पादनाने बाजार हलत नाही. एवढंच सांगतो आणि पुढे काही बोलत नाही, मला दुकान उघडायचंय.

पेडणेची_पोर
मी एकेकाळी कटिंगवर काम केलंय, आमच्या गावात एक युनिट होतं तिथे. तिथे रोजावर नाही, किलोवर पैसे होते. माझा अनुभव असा की किलोवर पैसे दिले की हात धावतो आणि अख्खा गर मोडतो, पाकळी आणि तुकडा वाढतो. आमच्यात एक बाय होती, तिचं वजन कमी भरायचं पण तिच्या डब्यात अख्खा गर. मालक तिलाच ओरडायचा वजन कमी म्हणून. मला वाटतं त्याला कळतच नव्हतं. सत्तरीकर, अख्खा आणि तुकडा यांचे भाव वेगळे काढ ना.

सत्तरीकर
आमच्याकडे अख्खा सरासरी 720 ने आणि पाकळी-तुकडा 540 ने जातो. 650 ही मिसळ झाली.

पेडणेची_पोर
बघ, मग 180 चा फरक आहे किलोमागे. दोघी जणी 5-5 किलो करत असतील आणि एकीचं साडेचार किलो अख्खं निघत असेल, दुसरीचं साडेतीन, तर पहिली दिवसाला 180 रुपयांनी जास्त मोलाची. बी दोघींना सारखीच लागली. आमचा मालक वजन बघत होता.

फोंडेकर_कॉस्टिंग
ताई, हे सगळ्यात महत्त्वाचं बोललात. आमच्या धंद्यात वजनावर नजर असते आणि रुपयावर नसते. या 180 मधून बीचे पैसे वजा करावे लागत नाहीत, ते सरळ मालकाच्या हातात येतात. किलोमागे 110 उरतात तिथे 180 म्हणजे किती मोठे ते बघा. मला विचाराल तर मामाने आठवी काकी सोडावी आणि सातीत कोणाचा हात हलका आहे ते बघून त्यांना कटिंगवर बसवावं. हा माझा अंदाज आहे, मामाला पटेल न पटेल.

सत्तरीकर
मामाला वाचून दाखवलं. म्हणाला, हलका हात कोणाचा ते मला ठाऊक आहे, तुझ्या लोकांनी सांगायला नको. 😀
एक विचारायचं होतं. मामा म्हणतो यंदा स्वतःचं पाकीट करून कळंगुट-पणजीच्या दुकानांना द्यायचं, 2023 ला गोव्याच्या काजूगराला जीआय मानांकन मिळालंय ना, तर भाव जास्त मिळेल. मग आठवी परवडेल का?

फोंडेकर_कॉस्टिंग
भाव वाढला तर परवडेल, पण पाकीट विकताना अजून एक गोष्ट बदलते. आत्ता मामा व्यापाऱ्याला देतो आणि व्यापारी 41 किलो घेतो तशा भावात 44 पण घेतो, मामाच्या तीन किलोने त्याला काय होतंय. दुकानदाराला स्वतःचं पाकीट द्यायचं तर जास्त माल खपवायला भाव थोडा उतरवावा लागतो, आणि तो सगळ्याच मालावर उतरतो.
समज 44 किलो खपवायला 650 चे 645 करावे लागले. 44 गुणिले 645 म्हणजे 28380. आधी 41 गुणिले 650 म्हणजे 26650. वाढले 1730. त्यातून 3 किलोचे बी वगैरेचे 1620 काढ, उरतात 110. आठवी 330 ची होती ती 110 ची झाली, आणि भाव फक्त पाच रुपयांनी उतरला होता. जुन्या 41 किलोवर पाच-पाच रुपये गेले, ते 205 होतात, त्यांनी आठवीची कमाई खाल्ली. म्हणून नवीन दुकानं शोधताना नुसता छापील भाव बघू नका, अजून एक पेटी विकायला भाव किती सोडावा लागतो ते बघा. हे पाकिटासाठी म्हणतोय, व्यापाऱ्याला देताना याचा विचार करायची गरज नाही.

कामगार_मित्र_वास्को
मी परत येतो माझ्या मुद्द्यावर. होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत, पिसुर्ल्यात फार्मा आणि इतर कारखान्यांच्या बस गावात येतात. तिथे बायका जातात आणि तुम्हाला मिळत नाहीत. मग द्या ना 550. काकीला 550 दिलेत तर काय बिघडतं?

फोंडेकर_कॉस्टिंग
काकीला 550 दिले आणि बाकी सातजणींना 500 च ठेवले तर दुसऱ्या दिवशी युनिटमध्ये कोणी काम करणार नाही, आपल्याकडे मजुरी लपत नाही. सगळ्यांनाच 550 द्यावे लागतील. मग आठव्या माणसामागे खर्च नुसता 550 नाही. जुन्या सात जणींना 50-50 वाढले ते 350 पण तिच्याच खात्यात, म्हणजे 900. आज तिची कमाई 330, म्हणून तसाही प्रश्न येत नाही. पण समज बी 110 ला उतरली, किलोमागे 190 राहू लागले, मग आठवी 570 ची होते. 550 ला ती परवडते, 900 ला नाही.
आता इथे तुमच्या बाजूने एक गंमत आहे. समजा कायद्यानेच सगळ्यांचा रोज 550 झाला. मग सात जणींना 550 द्यायचेच आहेत, आठवीला घेतलं तर फक्त 550 वाढतात. 570 ची बाई 550 ला मिळते. म्हणजे अशा वेळी वेतन वाढल्यावर मामा एक माणूस जास्त घेईल. गावात एकच कारखाना आणि बायकांना दुसरीकडे जायला वाट नाही अशा ठिकाणी हे होतं, अर्थशास्त्री जोन रॉबिन्सनने 1933 मध्येच हे दाखवलं होतं.

कामगार_मित्र_वास्को
मग कबूल करा, वाढवलं तर नोकऱ्या जात नाहीत.

फोंडेकर_कॉस्टिंग
नेहमी नाही. आत्ताच्या 130 च्या बीवर 550 रोज केला तर सातवी काठावर येते, तिची कमाई 550 आणि मजुरी पण 550, आणि मजुरी अजून वीस रुपयांनी वाढली तर ती जाते. आणि मामा खरंच गावातला एकटा मालक आहे का तेही मला माहीत नाही. बस येते, बागायत आहे, रोजगार हमीची कामं आहेत. बायकांना या वाटा असतील तर मामाला मजुरी हवी तशी ठरवता येत नाही आणि मग हे माझं गणित लागू होत नाही.

कामगार_मित्र_वास्को
बस येते पण ती शिफ्टची बस. ज्या बाईचं मूल शाळेत आहे तिला ती चालत नाही. तुम्ही वाट आहे म्हणता, ती वाट सगळ्यांना नाही.

फोंडेकर_कॉस्टिंग
ते खरं असू शकतं. सत्तरीकर, विचारून बघ त्यांना.

ट्रकवाला_उसगाव
काकी आता कामावर आहे की नाही तेच कोणी सांगत नाही.

सत्तरीकर
नाही घेतली अजून, मामा म्हणतो बी स्वस्त मिळाली तर बघू. पण फोंडेकर दादा, एक शंका. मामाने माझ्या वहीवर बोट ठेवलं की हे 5 किलो, 3 किलो तू काढलेस कुठून? खरं म्हणजे सहा जणींचा 36 चा आकडा कोणी रजेवर असताना जो गर निघाला त्याची सरासरी आहे. अशा दिवसांचे आकडे 37, 35, 36, 38 आणि 34, पण एका दिवशी 31 च निघाला, तो मी सोडून दिला.

फोंडेकर_कॉस्टिंग
31 चा दिवस कोण रजेवर होती?

सत्तरीकर
कटिंगवरची सगळ्यात जुनी. तिला ड्रायरचा तापमानाचा अंदाज पण असतो, बी किती सुकली ते हातात घेऊन सांगते.

फोंडेकर_कॉस्टिंग
मग तो दिवस सोडू नकोस, तोच सांगतोय की तुमच्याकडे सात माणसं सारखी नाहीत. ती नसली की 10 किलो जातात, म्हणजे 1100 रुपये, बाकीच्यांपैकी कोणी नसलं की 5 किलो. "सातवी" म्हणून तू जी धरतोस ती या बाकीच्यांपैकी कोणीतरी. आणि अजून एक, रजा कोणत्या दिवशी पडली ते बघ. शिमग्याला, जत्रेला, भातलावणीला रजा असेल तर त्या दिवशी बाकीच्या पण लवकर निघतात किंवा कामात लक्ष नसतं, मग कमी पडलेला माल एका माणसाच्या नावावर जातो आणि तिचं मोल उगाच फुगतं. साधे दिवस वेगळे काढ.

पेडणेची_पोर
आणि 31 च्या दिवशी गर किती मोडला तेही बघ. जुनी नसली की माझ्या अंदाजाने तुकडा वाढणार, त्यामुळे 10 किलोच्या वर अजून काहीतरी जातंय.

डिचोलीचो_बाब
म्हणजे जुनी 1100 ची आणि मजुरी 500 ची. ती फार्माच्या बसमध्ये बसली तर मामा गेला.

सत्तरीकर
तिचा मुलगा बसनेच जातो. 31 च्या दिवसाचा तुकडा पेटीवर लिहिलेला असेल, उद्या बघून इथेच टाकतो. मामा म्हणतो साधे दिवस शोधायला गेलास तर सत्तरीत वर्षाला मोजून दहा सापडतील.